बायसायक्लोला मोठ्यापासून, स्पायरोला लहानापासून... हे असं उलटं का?

मु_पो_सांगली

मंडळी, मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. बीएस्सी केमिस्ट्री १९८४ ला केलं आणि त्यानंतर आयुष्यभर व्हाउचरं तपासली, त्यामुळे जे होतं ते सगळं गेलं. आता भाची शिकायला आमच्याकडे आहे, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. परवा कॉलेजची चाचणी झाली, त्यात नावं लिहायचे दोन प्रश्न होते आणि दोन्ही चुकले. रात्री जेवताना रडायलाच आली, म्हणून वही घेऊन बसलो आणि आता मीच अडकलोय.

पहिल्या प्रश्नात षटकोन, त्यावर मधे एका कार्बनचा पूल, पुलावर दोन मिथाइल, पूल जिथे टेकतो त्या एका टोकावर अजून एक मिथाइल. हिने लिहिलं १,२,२-ट्रायमिथाइलबायसायक्लो[१.२.२]हेप्टेन. उत्तर होतं १,७,७-ट्रायमिथाइलबायसायक्लो[२.२.१]हेप्टेन. हिचं म्हणणं, लहानात लहान आकडे द्यायचे असं सरांनीच शिकवलं, मग १,२,२ सोडून १,७,७ कशाला?

सरांनी पेपर देताना सांगितलं की मोठ्या पुलावरून आधी जायचं. बरं. दुसरा प्रश्न स्पायरोचा, एक पाच कार्बनची रिंग, एक सहाची, दोघींत एकच कार्बन सामायिक, सहाच्या रिंगमधे त्या सामायिक कार्बनच्या शेजारी मिथाइल. इथे हिने मोठी रिंग आधी घेतली आणि १-मिथाइलस्पायरो[५.४]डेकेन लिहिलं. तेही चूक! उत्तर ६-मिथाइलस्पायरो[४.५]डेकेन.

म्हणजे एकीकडे मोठ्याचा मान आधी, दुसरीकडे धाकट्याचा. मला तरी यात काही न्याय दिसेना. कुणी नीट सांगेल का?

तिरपागडा

मामा, आमच्या घरातही हेच आहे. पंगतीला थोरला आधी, आइस्क्रीमला धाकटा आधी. चालायचंच.

पूलवाले_साहेब

धाग्याचं नाव वाचून काही कळलं नाही पण पूल दिसला म्हणून आलो. आमच्या खात्यात पूल मोजताना लांबी बघतात, इथे काय मोजताय? आणि २.२.१ ची बेरीज पाच होते, हेप्टेन म्हणजे सात ना? दोन कुठे गेले, ठेकेदाराने खाल्ले का?

बेंझीनबाई

पूलवाले साहेब, तुम्ही गमतीत विचारलंत, पण पोरं अडकतात ती इथेच. ते दोन म्हणजे तुमचे खांब. पूल मोजताना खांब धरायचे नाहीत, दोन खांबांच्या मधे जे कार्बन आहेत तेवढेच मोजायचे. या रेणूत दोन खांब आहेत आणि त्यांना जोडणारे तीन रस्ते. दोन रस्त्यांवर दोन-दोन कार्बन, एकावर एक. २+२+१ आणि वर दोन खांब, झाले सात. बेरीज करून दोन मिळवले आणि एकूण रिंगमधल्या कार्बनांशी जुळलं नाही तर पुढे एक अक्षर लिहू नये. स्पायरोत खांब एकच, तिथे एक मिळवायचा. ४+५+१, दहा, डेकेन.

मामा, तुमच्या भाचीची चूक चांगल्या मुलांची चूक आहे. नियम तिला येतो, तो कुठल्या पायरीवर लावायचा ते चुकलंय. आधी सांगाड्याचे आकडे ठरतात. मिथाइल, इथाइल वगैरे मंडळींनी तोवर दाराबाहेर उभं राहायचं. एका खांबाला १ द्यायचा, सगळ्यात लांब रस्त्याने दुसऱ्या खांबावर जायचं, उरलेल्यांतल्या लांब रस्त्याने परत यायचं, आणि सगळ्यात आखूड पूल शेवटी. यात मिथाइलला काही विचारायचं नाही.

आता हे करून तिच्या रेणूत निवडीला काय उरलं ते बघा. दोन्ही खांबांपैकी कुणालाही १ देता येतो, आणि दोन-दोन कार्बनचे दोन रस्ते सारखेच, म्हणजे आधी डावा की उजवा हेही आपल्या हातात. एकूण चार प्रकारे आकडे घालता येतात. पण चारही प्रकारांत तो एकटा पूल ७ च राहतो. म्हणून ७,७ वर वादच नाही. तिसरा मिथाइल खांबावर आहे, खांब १ आणि ४, तर तो १ घ्यायचा. एवढ्यापुरताच लहान आकड्याचा नियम. १,२,२ मिळवायला तिला आखूड पूल आधी चढावा लागला, ते दार बंद आहे.

रस्सावाटी

सोपी ट्रिक सांगतो, आमच्या क्लासला हीच द्यायचे. एका कार्बनच्या पुलावर दोन मिथाइल दिसले की डोळे झाकून ७,७ टाकायचं. कापूर, बोर्नियोल, सगळीकडे तेच. कॅरेनमधे पण ३,७,७ आहे. पेपरात वेळ नसतो एवढं थिअरी करायला.

मु_पो_सांगली

बाई, खांबाचं डोक्यात शिरलं. पण हिची अजून एक शंका: खांब ओळखायचा कसा? पुलावरच्या ज्या कार्बनला दोन मिथाइल आहेत त्यालाही चार काड्या, तो खांब का नाही?

बेंझीनबाई

मिथाइलच्या काड्या मोजू नयेत. फक्त रिंगमधेच राहणाऱ्या काड्या मोजायच्या. ज्या कार्बनवरून रिंगच्या आत तीन वाटा फुटतात तो खांब. पुलावरच्या कार्बनला चार काड्या असल्या तरी रिंगमधल्या दोनच, बाकीच्या दोन फांद्या, पुढे जाऊन संपतात. मी मुलांना सांगायचे, आधी फांद्या बोटाने झाका आणि मग मोजा.

टर्पेंटाईनची_बाटली

रस्सावाटी भाऊ, डोळे झाकू नका. मी कापूर बनवणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली, आमचा कच्चा माल पाइनीन. तिथे तुमची ट्रिक झोपते. अल्फा पाइनीन म्हणजे २,६,६-ट्रायमिथाइलबायसायक्लो[३.१.१]हेप्ट-२-ईन. एका कार्बनच्या पुलावर दोन मिथाइल आहेत की नाही? आहेत. मग ६,६ कसे?

रस्सावाटी

मी २,७,७ असं लिहिलेलंही पाहिलंय बरं का पाइनीनसाठी. एका केमिकलच्या लेबलवर होतं. म्हणजे दोन्ही चालत असणार.

टर्पेंटाईनची_बाटली

लेबलवर आमच्याकडे एकदा 'फ्लेमेबल'चं स्पेलिंगही चुकलं होतं. म्हणून काय पिंप पेटायचं थांबलं नाही.

बेंझीनबाई

लेबलं जुनी असतात, कॉपी करून लावलेली असतात. २,७,७ वाचून रेणू कळतो, कारण त्यातून दुसरा कुठला रेणू निघत नाही. पण नियमाने नाव ते नाही. का ते सांगते, कारण रस्सावाटींची ट्रिक अर्धी बरोबर आहे आणि अर्धी बरोबर ट्रिक पेपरात जास्त घात करते.

सोपं पडावं म्हणून दुहेरी बंध काढून टाकू, पाइनेन घेऊ. रस्ते तीन: एकावर तीन कार्बन, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर एक. ३+१+१+२, सात. खांब १ पासून निघाले, तीन कार्बनच्या रस्त्याने २, ३, ४ करत दुसऱ्या खांबावर पोचले, तो ५. आता परत यायला दोन रस्ते, दोन्ही एकेक कार्बनचे, दोन्ही सारखे. एकावर दोन मिथाइल बसलेत, दुसरा रिकामा. इथे निवड उरली, म्हणून इथे मिथाइलला विचारायचं: मिथाइलवाल्याला ६, रिकाम्याला ७. आणि उरलेला मिथाइल खांबाच्या शेजारी आहे, तर त्या बाजूच्या खांबाला १ दिला की तो २, उलट्या बाजूने ४. म्हणून २,६,६.

कापरात आखूड पूल एकच आहे, तो शेवटचाच, निवड नाही, म्हणून ७. कॅरेनमधेही तसंच, तो सांगाडा [४.१.०]. पाइनेनमधे दोन पूल बरोबरीचे. सगळा फरक एवढाच. ७,७ हा मिथाइलचा गुण नाही हो, तो सांगाड्याचा आहे.

रस्सावाटी

ओके, मान्य. पण ट्रिकने दहातले आठ सुटतात.

बेंझीनबाई

उरलेले दोन परीक्षक मुद्दाम घालतो. मी पण घालायचे.

पूलवाले_साहेब

बाई, आता मला गोडी लागली. [४.१.०] मधलं शून्य काय? शून्य लांबीचा पूल? असलं टेंडर आमच्याकडे निघालं असतं तर दोन-चार जण निलंबित झाले असते.

बेंझीनबाई

दोन खांब एकमेकांना थेट चिकटलेले, मधे कार्बन नाही, नुसता बंध. शेजारी-शेजारी दोन खोल्या आणि मधली भिंत एकच. डेकॅलिन घ्या, दोन षटकोन एक बाजू वाटून घेतात, ते बायसायक्लो[४.४.०]डेकेन. मुलं शून्य गाळून [४.४] लिहितात. बायसायक्लोत आकडे तीनच हवेत, शून्य लिहायलाच लागतं. दोन आकडे दिसले की वाचणारा स्पायरो समजणार.

टर्पेंटाईनची_बाटली

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. कारखान्यात हे आकडे माझ्या डोळ्यांसमोर बदलायचे. पाइनीन [३.१.१], त्यात चार कार्बनची रिंग असते, ती ताणलेली, सुटायला टपलेली. ॲसिडवाल्या कॅटॅलिस्टवर तापवलं की ती रिंग उघडते, बंध सरकतात आणि कॅम्फीन होतं, ते [२.२.१]. मग ॲसेटिक ॲसिड लावून आयसोबोर्निल ॲसेटेट, त्यातून आयसोबोर्नियोल, शेवटी हायड्रोजन काढला की कापूर. म्हणजे देवघरातल्या वडीत मामांच्या भाचीचा पहिला प्रश्नच आहे, फक्त एका कार्बनवर ऑक्सिजन जास्त. चालू शिफ्टला रिॲक्टरमधून सॅम्पल काढलं की वास आधी सांगायचा किती झालंय ते, जीसीचा कागद नंतर यायचा.

मु_पो_सांगली

अरेच्चा! आमच्या हिने लगेच डबीतली वडी आणून भाचीपुढे ठेवली, म्हणाली हे घे तुझं १,७,७.

मग कापराचं नाव काय होईल? भाची म्हणते मिथाइलमुळे १,७,७ ठरलं, ऑक्सिजन जिथे येईल तिथे येईल.

बेंझीनबाई

तिला म्हणावं, आता उलटं कर. किटोन आला की पहिला मान त्याचा, मिथाइल मागे. चारही प्रकारे आकडे घालून बघ म्हणावं. किटोन मिथाइलवाल्या खांबाच्या शेजारी आहे. त्या चार प्रकारांत किटोनला २, ३, ५ किंवा ६ मिळतो. २ घ्यायचा. तो घेतला की मिथाइलचा खांब आपोआप १ होतो, म्हणून १,७,७ कायम राहतं: १,७,७-ट्रायमिथाइलबायसायक्लो[२.२.१]हेप्टन-२-ओन. उत्तर जुळलं खरं, पण कारण वेगळं आहे, ते तिला कळलं पाहिजे.

वाळ्याचा_पंखा

सगळे कापरातच अडकलात, स्पायरो राहिलाच की. माझा धंदा सुगंधाचा, मुंबईत एका लहान लॅबमधे बसते. आमच्याकडे स्पायरोचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे वाळा. वाळ्याच्या तेलात बीटा-व्हेटिव्होन नावाचं एक द्रव्य असतं. कित्येक वर्षं लोक समजत होते की त्याचा सांगाडा पाचाची आणि साताची रिंग एक बाजू वाटून घेते असा आहे, म्हणजे बायसायक्लो[५.३.०]डेकेन. १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवटी कळलं की तसं नाहीच, तो स्पायरो[४.५]डेकेन आहे.

गंमत बघा, ५+३+०+२ पण दहा आणि ४+५+१ पण दहा. नुसते कार्बन मोजून काही कळलं नसतं. बाईंचा ताळा दोन्हीकडे जुळतो!

बेंझीनबाई

वाळा, सुंदर उदाहरण. ताळा एवढंच सांगतो की मोजणी चुकली नाही. सांगाडा बरोबर ओळखला की नाही हे तो सांगत नाही. मी वर जरा जास्तच भरवसा दिला त्याला.

आणि हो, मामांच्या मूळ प्रश्नाचं उरलेलं अर्धं. स्पायरोत १ हा आकडा सामायिक कार्बनला मिळत नाही, पहिला घोटाळा तिथे. लहान रिंगमधला, सामायिक कार्बनला लागून असलेला कार्बन १. लहान रिंग फिरून संपवायची, मग सामायिक कार्बन, मग मोठी रिंग. स्पायरो[४.५] मधे १ ते ४ लहान रिंगचे, ५ सामायिक, ६ ते १० मोठ्या रिंगचे. भाचीचा मिथाइल मोठ्या रिंगमधे शेजारीच, तर तो ६ किंवा १०, घ्यायचा ६. त्याला १ कधीच मिळणार नाही, कितीही जवळ असला तरी.

रस्सावाटी

पण का? हा मामांचा खरा प्रश्न आहे आणि अजून कुणी उत्तर दिलं नाही. मी सांगतो. सामायिक कार्बन महत्त्वाचा, त्याला लहान आकडा मिळावा म्हणून लहान रिंग आधी. मोठी आधी घेतली असती तर तो ५ ऐवजी ६ झाला असता.

वाळ्याचा_पंखा

एवढा महत्त्वाचा होता तर त्यालाच १ द्यायचा होता ना सरळ! खांबाला देतातच की.

रस्सावाटी

हम्म.

तिरपागडा

रस्सावाटी 'हम्म' म्हणाले, तारीख लिहून ठेवा.

बेंझीनबाई

रस्सावाटींचं म्हणणं चूक नाही, वाळ्याचा टोलाही बरोबर आहे. ही पद्धत अडोल्फ फॉन बायर यांनी १९०० साली मांडली, बायसायक्लो आणि स्पायरो दोन्हींची मुळं तिथलीच. मला वाटतं ते असं: बायसायक्लोत दोन खांब आणि तीन रस्ते, तिथे एका खांबावरून सुरुवात करून लांबून आलं तर मोठी रिंग एका दमात पूर्ण होते आणि उरलेला पूल शेवटी घालता येतो. स्पायरोत एकच गाठ, दोन फेरे. गाठीला १ दिला तर पहिला फेरा पूर्ण झाल्यावर पुन्हा गाठीवर येऊन पुढच्या रिंगमधे उडी मारावी लागते. शेजारून सुरू केलं तर गाठ बरोबर मधे येते आणि आकडे न तुटता पुढे जातात. वही घेऊन दोन्ही करून बघा. पण त्यातून लहान रिंगच आधी का हे सिद्ध होत नाही, मोठी आधी घेतली तरी आकडे तुटत नाहीत. तिथे मी हात टेकते.

पूलवाले_साहेब

बायर म्हणजे डोकेदुखीच्या गोळीवाले?

टर्पेंटाईनची_बाटली

ते वेगळे साहेब. स्पेलिंगमधे एक ई जास्त असलेले हे, नीळ-बिळ रंगांवर काम केलेले, १९०५ चं नोबेल मिळालेले.

मु_पो_सांगली

मंडळी, अहवाल देतो. काल रात्री हिने उसळीसाठी भिजवलेले हरभरे भाचीने पळवले आणि टूथपिक खोचून दोन्ही रेणू बनवले. हरभरा म्हणजे कार्बन. कापराच्या सांगाड्यात दोन हरभऱ्यांत तीन-तीन काड्या खोचताना ते फुटले, तेव्हा ती ओरडली, "मामा, फुटतो तो खांब!" आता बोट न लावता सांगते. मग पेनाने हरभऱ्यांवर आकडे लिहिले. मिथाइल म्हणून मोहरी चिकटवायचा बेत होता, तो जमला नाही.

स्पायरोचा तर हातात धरला की मजा वाटली, एक रिंग आडवी, दुसरी तिला काटकोनात उभी. कागदावर दोन्ही सपाट काढतात म्हणून हे लक्षातच येत नव्हतं.

आणि सरांना जाऊन भेटली. पहिल्या प्रश्नात पूल बरोबर मोजलेत, क्रम चुकला म्हणून तीनातला एक दिला. स्पायरोत शून्यच ठेवलं. लहान रिंग आधी का, हे तिने विचारलं, तर म्हणाले नियम आहे.

वाळ्याचा_पंखा

पाहिलंत, सरांनीही हात टेकले.

मु_पो_सांगली

एक शेवटचं. सरांनी तिला घरी सोडवायला एक दिलंय. डेकॅलिन, पण दोन खांबांच्या मधल्याच बंधाला दुहेरी केलंय. तिने बायसायक्लो[४.४.०]डेक-१-ईन लिहिलंय, कारण आकडा नेहमी पहिल्या कार्बनचाच लिहितात म्हणे. बरोबर का?

रस्सावाटी

बरोबर. नियम तोच.

बेंझीनबाई

नाही. नुसतं १ लिहिलं की वाचणारा पुढचा कार्बन २ धरणार, म्हणजे दुहेरी बंध १ आणि २ च्या मधे. हिच्या हरभऱ्यांवर बघायला सांगा, दुसऱ्या खांबाला आकडा कुठला आहे? चार कार्बनचा रस्ता संपल्यावर तो येतो, म्हणजे ६. एक आणि सहा लागून आहेत पण आकड्यांत लागून नाहीत. अशा वेळी दुसरा आकडा कंसात लिहायला लागतो, डेक-१(६)-ईन.

मु_पो_सांगली

हरभरे सकाळी उसळीत गेले हो. थांबा, परत भिजत घालतो.